हलणारी प्लेट आणि तिच्यावरचा द्रव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीत बी.एस्सी. आणि डिप्लोमाच्या मुलांना फ्लुइड मेकॅनिक्स शिकवताना या एका प्रकरणावर सगळ्यात जास्त शंका येतात. गणित दोन ओळींत संपतं, त्यामुळे मुलं सूत्र पाठ करतात आणि पुढे जातात. पण ‘सर, ही लाट दिसते कुठे?’ असं कोणी विचारलं की वर्ग शांत होतो. म्हणून इथे निम्मी उत्तरं गणिताची आहेत आणि निम्मी ग्लिसरीनच्या पातेल्याची. ज्यांना फक्त सूत्र हवंय त्यांनी पहिली तीन उत्तरं वाचली तरी चालेल.

नेमका प्रश्न काय आहे?

एक मोठी सपाट प्लेट आडवी ठेवली आहे आणि तिच्यावर खोलच खोल द्रव आहे. प्लेट स्वतःच्याच पातळीत पुढे-मागे हलते. ती वर-खाली होत नाही आणि तिरकीही होत नाही. तिचा वेग `U cos ωt` आहे. वरचा द्रव कसा हलेल, एवढंच शोधायचं.

प्लेट द्रवाला ढकलत नाही, फक्त घासते. द्रवाचा सगळ्यात खालचा थर प्लेटला चिकटून तिच्याबरोबर जातो, तो वरच्या थराला ओढतो, तो त्याच्या वरच्याला. ढकलणं नसल्यामुळे दाब कुठेच बदलत नाही. शिवाय वेग फक्त उंचीवर, म्हणजे `y` वर अवलंबून असतो, आडव्या दिशेने तो सगळीकडे सारखाच. त्यामुळे नेव्हिअर-स्टोक्स समीकरणातली ती कुप्रसिद्ध अरेषीय पदं आपोआप शून्य होतात. ती ‘लहान म्हणून सोडून दिली’ असं नव्हे, ती खरोखरच शून्य असतात. उरतं ते इतकंच:

```
∂u/∂t = ν ∂²u/∂y²
```

`ν` म्हणजे कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी, अर्थात व्हिस्कॉसिटी भागिले घनता. जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी हवेच्या घर्षणाचा लंबकावर काय परिणाम होतो हे शोधताना हा प्रश्न सोडवला. १८५१ मध्ये छापलेल्या त्यांच्या लेखात तो आहे. म्हणून पुस्तकात त्याला ‘स्टोक्सचा दुसरा प्रश्न’ म्हणतात. पहिल्या प्रश्नात प्लेट एकदम सुरू होऊन एकाच वेगाने चालत राहते.

उत्तर कसं काढायचं?

प्लेट `ω` ने हलते आणि समीकरण रेषीय आहे, म्हणून स्थिरस्थावर झाल्यावर द्रवही `ω` नेच हलणार. मग `u` हा `f(y) e^(iωt)` चा वास्तव भाग आहे असं मानायचं. समीकरणात घातलं की `iω f = ν f''` मिळतं. याची उकल `e^(±Ky)` अशी असते आणि `K² = iω/ν`.

इथे मुलं अडखळतात ती `i` च्या वर्गमुळावर. `(1+i)² = 2i`, म्हणून `√i = (1+i)/√2`. मग

```
K = (1+i)/δ,   δ = √(2ν/ω)
u = U e^(−y/δ) cos(ωt − y/δ)
```

वर जाताना वाढत जाणारी उकल टाकून द्यायची, कारण प्लेटपासून लांब द्रव शांतच असणार.

आता या सूत्राकडे जरा थांबून बघा. `y/δ` दोनदा आलंय. एकदा घात म्हणून, म्हणजे आयाम किती घटला ते सांगायला, आणि एकदा कोसाइनच्या आत, म्हणजे थर किती मागे पडला ते सांगायला. दोन्हीकडे `δ` तोच. `√i` चे वास्तव आणि काल्पनिक भाग सारखे आहेत, म्हणून हे घडतं. अख्ख्या प्रकरणात लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट मला हीच वाटते: द्रव जितका मंदावतो तितकाच तो मागेही पडतो. पुढे प्रयोगात आपण नेमका याचाच फायदा घेणार आहोत.

`δ` कशावर अवलंबून असतो? प्लेट जोरात हलवली तर जास्त वरपर्यंतचा द्रव हलेल ना?

नाही. सगळ्यात जास्त चुकणारं उत्तर हेच. `δ` मध्ये `U` कुठेच नाही. प्लेटचा हेलकावा दुप्पट लांबीचा केला तर प्रत्येक थर दुप्पट हलेल, पण `δ` उंचीवर हालचाल प्लेटच्या ३७ टक्केच राहील. ‘जोरात’ म्हणताना तुम्ही वारंवारिता वाढवत असाल, तर हलणारा थर उलट पातळ होतो. प्लेट दिशा बदलायच्या आत घर्षणाला वर पोचायला जेवढा वेळ मिळतो तेवढाच थर हलतो, आणि भरभर हलवण्यात हा वेळच कमी होतो.

अंदाजासाठी काही आकडे घ्या. २० अंशांच्या पाण्यात सेकंदाला एक हेलकावा असेल तर `δ` साधारण ०.५६ मिमी. हवेत तेवढ्याच वारंवारितेला साधारण २.२ मिमी. हवेत जास्त कसा, असं वाटेल. हवेची व्हिस्कॉसिटी पाण्यापेक्षा बरीच कमी आहे, पण घनता त्याहूनही कमी आहे, आणि इथे दोन्हींचा भागाकार लागतो.

याला लाट म्हणायचं का? लाटेसारखं काही परत खेचणारं तर नाहीच.

बरोबर पकडलंत. दोरीत ताण असतो, तळ्याच्या पृष्ठभागावर गुरुत्वाकर्षण असतं. साध्या द्रवात शिअरला, म्हणजे थर एकमेकांवरून सरकण्याला, विरोध होतो, पण शिअर झालेला थर मूळ जागी परत येत नाही. म्हणून ही खरी कंपनलहर नव्हे. हे संवेगाचं झिरपणं आहे, आणि खालून येणारा संवेग आलटून-पालटून उलटत असल्यामुळे त्याला लाटेचा आकार येतो.

तरीही तरंगलांबी मोजता येते, ती `2πδ`. पण एक तरंगलांबी वर जाईपर्यंत आयाम `e^(−2π)`, म्हणजे सुमारे ५३५ पट घटतो. एक पूर्ण लाटसुद्धा नीट दिसत नाही, अर्धी दिसली तरी खूप.

हेच समीकरण उष्णतेलाही लागू पडतं. साताऱ्या-वाईकडच्या जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती आठवा. दिवसाच्या तापमानाच्या चढउतारासाठी काळ्या दगडात `δ` साधारण १५ सेंटिमीटर येतो. अर्धा मीटर जाडीच्या भिंतीत दुपारची उष्णता आत पोचते ती अर्धा दिवस उशिरा, आणि तीही अगदी थोडी. भिंतीत तापमान झिरपतं, इथे वेग झिरपतो, एवढाच फरक.

हे डोळ्यांनी दिसेल असा प्रयोग आहे का?

आहे, आणि स्वस्तात होतो. पण आधी काय करू नये ते सांगतो, कारण बहुतेक जण तिथेच फसतात.

चौकोनी ट्रेमध्ये द्रव घेऊन ट्रे पुढे-मागे हलवू नका. ट्रेच्या पुढच्या-मागच्या भिंती द्रवाला ढकलतात, दाब तयार होतो, पृष्ठभाग डचमळतो आणि तळाच्या घर्षणाचा मागमूस राहत नाही. टाकीच्या तळाशी फक्त पट्टी सरकवली तरी बंद टाकीत जितका द्रव खालून पुढे जातो तितका वरून मागे यावा लागतो, आणि मोजणीत तो मिसळतो.

यावर सोपा उपाय म्हणजे सरळ रेषेतला हेलकावा सोडून गोल हेलकावा घ्यायचा. सपाट बुडाचं गोल पातेलं त्याच्या मधल्या उभ्या अक्षाभोवती थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे असं फिरवत राहायचं. गोलाकार मार्गाला टोक नसतं, त्यामुळे ढकलणारी भिंतच नाही. लहान कोनासाठी गणितही तेच राहतं: अक्षापासून `r` अंतरावर तळाचा वेग `r` च्या प्रमाणात असतो, आणि उंचीप्रमाणे तो `e^(−y/δ)` नेच घटतो. वर्तुळाच्या वक्रतेची पदं एकमेकांना कापतात. ज्यांना शंका आहे त्यांनी वेग `r f(y)` मानून समीकरणात घालून पाहावं, पाच मिनिटांचं काम आहे.

सामान काय लागतं?

तीस सेंटिमीटर व्यासाचं, बुडाला पोचा नसलेलं स्टीलचं पातेलं. कोणत्याही भांड्याच्या दुकानात मिळेल, पण घेताना फरशीवर ठेवून ते डुगडुगत नाही ना ते बघा. त्याखाली बेअरिंगवर फिरणारी फळी. प्रोजेक्टवाली मुलं वापरतात तशी १२ व्होल्टची गिअर मोटर आणि तिचा वेग कमी-जास्त करायला रेग्युलेटर. मोटरच्या चकतीवर मध्यापासून २० मिमीवर एक खिळा, फळीवर मध्यापासून ११५ मिमीवर दुसरा, आणि दोघांना जोडणारी दांडी. यातून पातेलं दोन्ही बाजूंना सुमारे १० अंश फिरतं. मोटर मिनिटाला १२० फेरे फिरली की वारंवारिता सेकंदाला २.

द्रव म्हणून ग्लिसरीन, सुमारे अडीच लिटर. पाणी का नको? वरचाच हिशोब करा: पाण्यात सगळा खेळ मिलिमीटरभर उंचीत संपतो. ग्लिसरीनमध्ये २५ अंशांना आणि सेकंदाला २ हेलकाव्यांना `δ` सुमारे ११ मिमी येतो, पट्टीने मोजता येईल इतका.

पृष्ठभागावर टाकायला काळ्या कागदाचे, पंचिंग मशीनने पाडलेले ठिपके. खसखसही तरंगते, पण चकचकीत स्टीलवर ती दिसत नाही. आणि स्लो मोशन असलेला मोबाइल.

मोजायचं काय? आतल्या थरांचा वेग तर दिसत नाही.

दिसायची गरजच नाही. आपण फक्त पृष्ठभागावरचा ठिपका बघणार आणि द्रवाची खोली `H` बदलत जाणार.

मात्र इथे एक बदल होतो. मूळ प्रश्नात द्रव अमर्याद खोल होता, इथे वर मोकळा पृष्ठभाग आहे. हवा ग्लिसरीनला जवळजवळ ओढतच नाही, म्हणून तिथे शिअर शून्य. अशा वेळी वर वाढणारी उकल टाकून देता येत नाही, दोन्ही मिळून `cosh` तयार होतो. पृष्ठभागाची हालचाल तळाच्या तुलनेत

```
1 / cosh[(1+i) H/δ]
```

इतकी असते. `H` हा `δ` च्या दुपटीहून जास्त असला की याचा आयाम जवळपास `2 e^(−H/δ)` होतो. मूळ सूत्रापेक्षा दुप्पट, कारण वर आलेली लाट पृष्ठभागावरून परतते आणि येणारी-परतणारी तिथे एकत्र मिळतात. `H = 2δ` असताना ठिपका तळाच्या २७ टक्के हलतो, `H = 3δ` ला १० टक्के.

आता मागे पडण्याकडे या. `H = πδ` घातलं की `cosh(π + iπ)` बरोबर `−cosh π` होतं. काल्पनिक भाग उरतच नाही. याचा अर्थ, खोली `πδ` असेल तेव्हा पातेलं डावीकडच्या टोकाला असताना ठिपका नेमका उजवीकडच्या टोकाला असतो. हे अंदाजे नव्हे, अगदी काटेकोर उत्तर आहे, आणि त्यावेळी ठिपक्याचा आयाम तळाच्या ८.६ टक्के असतो.

म्हणून पद्धत अशी: पातेल्याच्या काठावर मार्करने रेघ मारा. काठ तळाबरोबरच फिरतो, त्यामुळे तळाची हालचाल त्यावरून कळते. ठिपका अक्षापासून साधारण ७ सेंटिमीटरवर ठेवा. थोडं-थोडं ग्लिसरीन ओतत जा आणि ठिपका व रेघ नेमके उलट कधी होतात ते पाहा. ती खोली `H` मिळाली की `δ = H/π`, आणि `ω = 2πf` धरून `ν = ωδ²/2` मध्ये घातलं तर

```
ν = f H² / π
```

`f` म्हणजे सेकंदाला हेलकावे. पट्टी आणि मोबाइल घेऊन व्हिस्कॉसिटी मोजायचं इतकं सुटसुटीत सूत्र मला दुसरं माहीत नाही.

एक उदाहरण सोडवून दाखवा.

समजा `f` = २, ग्लिसरीन २५ अंशांवर, आणि ठिपका व रेघ नेमके उलट होण्याची स्थिती, म्हणजे उलट फेज, ३४ मिमी खोलीला मिळाली. `H` चा वर्ग ०.००११५६ चौरस मीटर. त्याला २ ने गुणून ३.१४ ने भागलं की `ν` = ०.०००७३६ चौरस मीटर प्रति सेकंद. ग्लिसरीनची घनता १२५८ किलो प्रति घनमीटर धरली तर व्हिस्कॉसिटी ०.९३ पास्कल-सेकंद येते. २५ अंशांच्या शुद्ध ग्लिसरीनचा तक्त्यातला आकडा जवळपास हाच आहे.

किती अचूक? खोलीत १ मिमीची चूक झाली तर `H` मध्ये ३ टक्के, आणि वर्गामुळे `ν` मध्ये ६ टक्के. फेजच्या बाजूने बघितलं तर १ मिमीने फेज सुमारे ५ अंश सरकते. सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये एका हेलकाव्याला १२० फ्रेम मिळतात, म्हणजे एक फ्रेम ३ अंशांची. तेव्हा कॅमेरा पुरेसा आहे, पट्टीच जपून लावा. पट्टी भांड्यात बुडवून वाचण्यापेक्षा ओतलेलं आकारमान मोजून त्याला तळाच्या क्षेत्रफळाने भागणं जास्त भरवशाचं, कारण ग्लिसरीन पट्टीवर चढतं.

७ सेंटिमीटरवर तळ दोन्ही बाजूंना १२ मिमी फिरतो, म्हणून ठिपका जेमतेम १ मिमी फिरेल. कमी वाटतं, पण मोबाइल जवळ धरून झूम केला की स्वच्छ दिसतं. मोबाइल मात्र स्टँडवर लावा, आणि तो स्टँड मोटरच्या टेबलावर ठेवू नका.

आमचं उत्तर तक्त्याशी जुळत नाही. निम्मंच येतंय.

तर तुमचं ग्लिसरीन ओलं आहे किंवा गरम. दोन्ही सांगलीत सहज होतं.

ग्लिसरीन हवेतली वाफ ओढून घेतं. ५ टक्के पाणी मिसळलं की व्हिस्कॉसिटी निम्म्याहून खाली येते. पावसाळ्यात रात्रभर उघडं पातेलं ठेवून सकाळी प्रयोग केला तर काय मोजलं जाईल ते सांगायला नको. दुकानातून आणलेली बाटलीसुद्धा किती टक्क्यांची आहे ते लेबलवर वाचा.

तापमानाचं तर त्याहून कडक आहे. २० अंशांना १.४१ पास्कल-सेकंद असलेली व्हिस्कॉसिटी ३० अंशांना ०.६१ वर येते. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये मोजून २५ अंशांच्या तक्त्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. थर्मामीटर ग्लिसरीनमध्येच बुडवा, खोलीचं तापमान चालत नाही. शक्यतो सकाळी लवकर करा, तेव्हा पातेलं, द्रव आणि हवा तिन्ही एका तापमानाला आलेले असतात.

ठिपका कधी बरोबर वागतो, कधी भलतंच करतो. का?

बहुधा तो भिंतीजवळ गेलाय. भिंतही पातेल्याबरोबर फिरते आणि बाजूने द्रवाला ओढते, आणि तिचा प्रभावही त्याच `δ` ने आत घटतो. भिंतीपासून पाच-सहा सेंटिमीटर आतपर्यंतचे ठिपके विचारात घेऊ नका. अक्षाच्या फार जवळचेही नकोत, तिथे हालचालच इवलीशी असते. मधला पट्टा वापरा.

ठिपका हळूहळू जागा सोडत असेल तर हेलकाव्याचा कोन मोठा झालाय. गोल फिरणाऱ्या तळाजवळ द्रव किंचित बाहेर फेकला जातो. सरळ रेषेतल्या आदर्श प्रश्नात ही अडचण नव्हती, ती आपण गोल फिरून ओढवून घेतली. कोन कमी केला की हे सरकणं झपाट्याने कमी होतं, कारण ते कोनाच्या वर्गावर चालतं.

मोटर सुरू केल्याबरोबर मोजू नका. सुरुवातीची गडबड विरायला ३४ मिमी ग्लिसरीनमध्ये दोन-तीन सेकंद लागतात, पाच-दहा थांबलात की झालं. आणि ओतताना शिरलेले बुडबुडे बराच वेळ निघत नाहीत, म्हणून झाकण ठेवून आदल्या रात्रीच ओतून ठेवा.

मोटर-दांडीची हालचाल शुद्ध साइन नसते. मग सगळंच चुकणार नाही का?

चांगला प्रश्न, आणि उत्तर आपल्या बाजूने आहे. दांडी आखूड असली की मूळ वारंवारितेत दुप्पट वारंवारितेची भेसळ होते. पण दुप्पट वारंवारितेचा `δ` मुळात `√2` पट लहान, म्हणून ती भेसळ वर जाताना लवकर मरते. आपल्या `πδ` खोलीला मूळ हालचाल ८.६ टक्के उरते तर भेसळ सुमारे २.४ टक्के. म्हणजे तळाशी जेवढी भेसळ होती तिच्या प्रमाणात पृष्ठभागावर जवळपास पावच उरते. द्रव स्वतःच फिल्टरचं काम करतो. तरी दांडी लांब घेता आली तर घ्या.

द्रव प्लेटला किती अडवतो?

प्लेटच्या दर चौरस मीटरवर घर्षणाचा कमाल ताण `U √(μρω)` इतका. तो प्लेटच्या वेगाच्या ४५ अंश पुढे असतो, म्हणजे प्लेट सगळ्यात वेगात यायच्या आधीच विरोध कमाल होऊन गेलेला असतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटत नाही. पण विरोधाचे दोन भाग पाडून पाहा. एक भाग वेगाबरोबर चालतो, तो नुसतं घर्षण, ऊर्जा खाणारा. दुसरा प्रवेगाबरोबर चालतो, तो जड वस्तू हलवताना जाणवतो तसा. हे दोन्ही भाग सारखेच असल्यामुळे ४५ अंश येतात. दुसऱ्या भागाचा हिशोब केला तर प्लेटवर `δ/2` जाडीचा द्रव जणू गोठून चिकटलाय इतकं जादा वजन तिला भासतं. आपल्या पातेल्यात ते साडेपाच मिमी ग्लिसरीन होईल, बाजूची भिंत सोडून.

स्टोक्स यांना याचीच गरज होती. लंबकाचा काळ हवेमुळे थोडा वाढतो, तो किती हे अचूक हवं होतं. दोन सेकंदांच्या लंबकाभोवती हवेचा `δ` सुमारे ३ मिमी असतो.

कोयनेच्या भूकंपात शिवसागराचं पाणी तळाच्या घर्षणाने हललं असेल का?

११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाबद्दल दरवर्षी कोणीतरी हे विचारतंच, आणि या प्रकरणाला ते चपखल बसतं. समजा जमीन आडवी, सेकंदाला ५ वेळा हलते. पाण्यात `δ` येतो ०.२५ मिमी. धरणाजवळ कित्येक मीटर खोल पाणी असलं तरी सपाट तळावरच्या पाण्याला, एखाद-दीड मिलिमीटरचा थर सोडला, तर जमीन हलल्याची खबरही लागत नाही. जमीन पाण्याखालून नुसती सरकते.

पण धरणाची भिंत पाण्याला घासत नाही, ढकलते. जी प्लेट स्वतःच्या पातळीत न हलता पातळीला काटकोनात हलते तिच्यासाठी हे सूत्र नाहीच. तिथे दाब तयार होतो, आणि भूकंपात धरणावर येणारा पाण्याचा जादा भार तो. तलावाच्या उतरत्या काठांचंही तसंच. शिवाय खरा तळ काचेसारखा सपाट नसतो. चिखल, दगड, गाडल्या गेलेल्या गावांची जोती, हे सगळं पाव मिलिमीटरहून कितीतरी मोठं आहे आणि तेही पाण्याला ढकलतं. म्हणून या हिशोबातून इतकंच घ्यायचं की घर्षणाचा वाटा नगण्य आहे.

गंमत म्हणजे वारंवारिता दहा लाख पटीने वाढवली, ५ मेगाहर्ट्झ केली, की `δ` हजार पटीने घटून ०.२५ मायक्रॉन होतो. क्वार्ट्झ क्रिस्टल मायक्रोबॅलन्स नावाच्या उपकरणात हे कामी येतं. ५ मेगाहर्ट्झने स्वतःच्या पातळीत थरथरणारी क्वार्ट्झची चकती एका बाजूने पाण्याला टेकवली की तिची वारंवारिता सुमारे ७०० हर्ट्झने उतरते. कारण वरच्याच उत्तरातलं, `δ/2` जाडीचं जादा वजन.

काकवी, शेंगदाणा तेल, दही यांवर हा प्रयोग चालेल का?

शेंगदाणा तेलावर चालेल, पण उलट फेज सेकंदाला २ हेलकाव्यांना साधारण १ सेंटिमीटर खोलीलाच मिळेल, म्हणून पातेल्याचा तळ आणि टेबल दोन्ही लेव्हलमध्ये हवेत. वारंवारिता निम्मी केली तर खोली १.४ पट मिळते, मोजायला बरं पडतं.

काकवीवर आधी एक चाचणी करा. वेगवेगळ्या वारंवारितांना `H` शोधा आणि प्रत्येक वेळी `f H²` काढा. साध्या द्रवासाठी हा गुणाकार बदलत नाही. तो सरकत गेला तर द्रव साधा नाही, म्हणजे त्याची व्हिस्कॉसिटी वेगानुसार बदलते किंवा तो थोडा स्प्रिंगसारखाही वागतो. दुसरी खूण आयामाची: उलट फेजच्या खोलीला ठिपका तळाच्या ८.६ टक्केच हलायला हवा. त्याहून बराच जास्त हलत असेल तर द्रवात लवचिकपणा आहे, लाट मागे पडतेय पण तितकी मरत नाही. मात्र तापमान सगळ्या वाचनांत तेच ठेवा, नाहीतर दोष काकवीला लागेल आणि चूक उन्हाची असेल.

दह्यावर करू नका. ते ठरावीक ताणापर्यंत घट्टच राहतं आणि त्यानंतर फाटतं. वरचं सूत्र त्याला लागू नाही.

प्रयोग झाल्यावर ग्लिसरीन परत वापरता येतं का?

येतं. गाळून, कोरड्या बाटलीत काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून ठेवा. पातेलं पाण्याने विसळून तेच पाणी बाटलीत ओतायचा मोह टाळा. पुढच्या वेळी पहिलं वाचन मागच्या वेळच्याच तापमानाला आणि वारंवारितेला घ्या. `H` कमी आला तर पाणी शिरलंय, आणि किती शिरलं ते `f H²/π` वरून व्हिस्कॉसिटी काढून तक्त्यातल्या टक्केवारीशी ताडून बघता येतं.